झाकण उघडल्यानंतर

दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीतलं पाणी निर्जंतुक असतं, अशी बहुतेकांची समजूत असते. ते पिण्यायोग्य असतं, पण निर्जंतुक नसतं. कारखान्यात हे पाणी गाळलं जातं, आरओमधून काढलं जातं, त्याच्यावर अतिनील किरण सोडले जातात आणि बहुतेक ठिकाणी बाटलीत भरण्याआधी त्यात ओझोन वायू मिसळला जातो. ओझोन जंतू मारतो, पण तो पाण्यात टिकत नाही. काही तासांत त्याचा साधा ऑक्सिजन होऊन जातो. त्यानंतर बाटलीत जंतूंना अडवणारं असं काही शिल्लक राहत नाही. जे थोडे जीवाणू वाचलेले असतात ते हळूहळू वाढू लागतात. त्यांना लागणारं अन्न अगदी नाममात्र असतं, आणि तेवढं स्वच्छ पाण्यातही सापडतं.

युरोपात नैसर्गिक मिनरल वॉटरमधल्या जीवाणूंची मोजणी बाटली भरल्यापासून १२ तासांच्या आत करावी, असा नियम आहे. तेव्हा २२ अंश तापमानाला वाढणारे जीवाणू एका मिलिलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त नसावेत. घाई एवढ्यासाठी, की त्यानंतर आकडा वाढणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पाण्यात काही दिवसांनी मिलिलिटरला दहा हजार, कधी लाखभरही जीवाणू मिळतात. ते झरे, विहिरी, ओढे अशा ठिकाणी मुळातच राहणारे असतात. निरोगी माणसाच्या पोटात गेले तर त्यांचं काही चालत नाही. म्हणून पाण्यात जीवाणू किती आहेत यापेक्षा ते आले कुठून, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. उघड्या बाटलीबद्दलचा बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न वेगळे न केल्यामुळे होतो.

आता एक बाटली डोळ्यांसमोर घेऊ. एसटी स्टँडवर घेतलेली एक लिटरची बाटली. प्रवासात तोंड लावून अर्धी संपली आणि उरलेली अर्धी गाडीत सीटमागच्या कप्प्यात तीन दिवस राहिली. तोंड लावून पिताना प्रत्येक घोटानंतर थोडं पाणी ओठांवरून परत बाटलीत जातं, आणि त्याच्याबरोबर लाळ जाते. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा कोटी जीवाणू असतात. सगळे घोट मिळून एक मिलिलिटर लाळ आत गेली असं धरलं, तर उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये दर मिलिलिटरला दोन लाख जीवाणू होतात, तेही पहिल्याच दिवशी, वाढ व्हायच्या आधी.

आकडा मोठा वाटतो, पण हे जीवाणू त्या माणसाच्या तोंडात सकाळीही होते आणि संध्याकाळीही असणार आहेत. स्वतःच्याच तोंडातले जंतू परत पोटात गेल्याने कुणी आजारी पडत नाही. आपण दिवसभर लाळ गिळतच असतो. शिवाय तोंडातल्या बहुतेक जीवाणूंना साधं पाणी मानवत नाही. तिथे ऊब नसते, क्षार नसतात, अन्न नसतं. त्यातले बरेचसे मरतात. मात्र त्यांच्याबरोबर आलेली लाळ, बिस्किटाचा एखादा कण, ओठांवरचा चहा हे पाण्यात मुळातच असलेल्या जीवाणूंना खाद्य म्हणून पुरतं, आणि वाढ त्यांची होते. तिसऱ्या दिवशी त्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जो किंचित कुबट वास येतो तो बहुधा त्यांचाच.

हीच बाटली तोंड न लावता, वरून धार धरून प्यायलेली असती तर चित्र बरंच वेगळं असतं. आपल्याकडे वरून पाणी प्यायची सवय मुख्यतः उष्टं होऊ नये म्हणून पडली, पण बाटलीच्या बाबतीत ती जीवशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. आत लाळ नाही, अन्नाचे कण नाहीत. उरतात ते हवेतून आणि हाताने झाकणाला लागलेले थोडे जंतू. अशी बाटली घट्ट झाकण लावून सावलीत ठेवली तर दोन-तीन दिवस पिण्यास हरकत नसते, आणि फ्रीजमध्ये त्याहून जास्त. तोंड लावलेली बाटली मात्र त्याच दिवशी संपवावी. यातला दिवसांचा हिशेब हा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अचानक विषारी होत नाही, पण बाटलीत नेमकं काय काय गेलं हे आठवत नसेल तर त्या पाण्यावर भरवसा ठेवायला कारणही उरत नाही.

खरा धोका हाताचा आहे, आणि एकच बाटली अनेकांनी पिण्याचा. आपल्या तोंडातले जंतू आपल्याला परिचित असतात, शेजाऱ्याचे नसतात. सर्दी, फ्लू, घशाचा संसर्ग बाटलीच्या तोंडावरून सहज पसरतात. हाताचा मार्ग याहून वाईट. शौचालयातून आल्यावर नीट न धुतलेल्या हाताने झाकण फिरवलं, की बाटलीच्या तोंडाशी असलेल्या आट्यांवर मैल्यातले जंतू बसतात आणि पुढच्या घोटाबरोबर आत जातात. कॅनडातल्या कॅलगरी शहरात प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या बाटल्यांतलं पाणी तपासलं गेलं. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ७६ नमुन्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश नमुन्यांत सर्वसाधारण जीवाणूंची संख्या तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. ते एक वेळ सोडून देता येईल, कारण ते जीवाणू बरेचसे निरुपद्रवी असतात. पण सुमारे नऊ टक्के नमुन्यांत मैल्यातून येणारे जीवाणू सापडले, आणि ते सोडून देता येत नाही. संशोधकांचा रोख मुलांच्या हातांकडे आणि दिवसेंदिवस न धुता भरल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे होता. या साऱ्यात प्लास्टिकचा दोष काहीच नव्हता. स्टीलची बाटली असती तरी हेच निघालं असतं.

बाटली पुन्हा भरताना कोणतं पाणी भरतो, यानेही फरक पडतो, आणि तो बऱ्याच जणांच्या अपेक्षेच्या उलटा असतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते आणि जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो. नमुन्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. एवढासा क्लोरीन बाटलीत काही तास तरी काम करतो. हातावरून, झाकणावरून आत गेलेल्या थोड्या जंतूंना तो मारतो. नंतर तो उडून जातो, आणि म्हणून रात्रभर ठेवलेल्या पाण्याला नळाचा वास येत नाही. घरातल्या आरओ यंत्रातला कार्बनचा थर मात्र हा क्लोरीन आधीच काढून टाकतो. चवीसाठी ते बरं असतं, आणि आरओच्या पटलासाठी आवश्यकही, पण त्यानंतर त्या पाण्याला कोणतंच संरक्षण राहत नाही. म्हणजे शाळेच्या बाटलीत आरओचं पाणी भरून ती दोन दिवस तशीच राहिली, तर त्यात जीवाणू वाढायला नळाच्या चांगल्या क्लोरीनयुक्त पाण्यापेक्षा जास्त वाव असतो. अर्थात नळाचं पाणीच गढूळ किंवा पाइप फुटून दूषित झालेलं असेल तर ही तुलना करण्यात अर्थ नाही. तिथे आधी पाणी उकळावं लागतं.

पाणी बिघडलं हे कसं ओळखायचं? नुसतं बघून ओळखता येत नाही. पाण्यात गढूळपणा डोळ्याला दिसायला मिलिलिटरला साधारण एक कोटी जीवाणू लागतात, आणि साध्या पाण्यात तेवढं अन्न नसल्याने ते तिथवर पोचतच नाहीत. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. त्यापेक्षा बाटलीची भिंत जास्त माहिती देते. चार-पाच दिवस नुसती विसळून भरलेल्या बाटलीच्या तोंडातून बोट आत घालून भिंतीवरून फिरवून पाहावं. कोरड्या नव्या बाटलीवर बोट किंचित अडतं, करकरतं. इथे ते घसरतं. हा बुळबुळीतपणा म्हणजे जीवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर. पाण्यात तरंगणारे जीवाणू आपण बाटली रिकामी करताना ओतून देतो, पण थरातले तिथेच राहतात आणि पुढच्या भरलेल्या पाण्यात पुन्हा सुटतात. नुसतं पाणी घालून खळबळलं तर हा थर निघत नाही. साबण आणि घासणं दोन्ही लागतं. या थरांत रमणारा सुडोमोनास एरुजिनोसा नावाचा एक जीवाणू आहे. निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही. पण केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा अंगावर मोठी भाजलेली जखम असलेल्या माणसाला तो गंभीर आजार देऊ शकतो. म्हणूनच भारतीय मानकात बाटलीबंद पाण्याच्या २५० मिलिलिटरमध्ये तो एकही नसावा, अशी अट आहे.

आता प्लास्टिककडे वळू. कारण लोकांची भीती जीवाणूंपेक्षा प्लास्टिकची जास्त आहे. पाण्याची पातळ, पारदर्शक बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. तिच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. ज्या बिस्फेनॉल ए या रसायनाची चर्चा होते ते पेटमध्ये वापरतच नाहीत. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये असतं. पेट लवचिक करण्यासाठी वेगळं रसायनही मिसळावं लागत नाही. पण पेट तयार करताना उत्प्रेरक म्हणून बहुतेक ठिकाणी अँटिमनी या धातूचं संयुग वापरलं जातं, आणि त्याचा थोडा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. तोच पुढे पाण्यात उतरतो. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या विद्यापीठात या उतरण्याचा वेग मोजला गेला. अॅरिझोनातला उन्हाळा विदर्भाला लाजवेल असा असतो, त्यामुळे हा अभ्यास आपल्या कामाचा आहे.

बाजारातल्या बाटल्या साध्या खोलीच्या तापमानाला तीन महिने ठेवल्या तेव्हा अँटिमनी लिटरमागे सुमारे ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपासच राहिला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा ६ मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०. उष्णता वाढवली तसा वेग मात्र झपाट्याने वाढला. ६ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडायला ६० अंशांना १७६ दिवस लागले, ६५ अंशांना ३८, आणि ८० अंशांना जेमतेम सव्वादोन. ६० वरून ६५ वर, म्हणजे नुसत्या पाच अंशांनी मुदत चौथाईच्याही खाली येते, हे यात लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपली ती गाडीतली बाटली या मोजणीत बसवून पाहू. मे महिन्यात नागपूरला उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत ६० अंश सहज होतात. रोज सहा तास पाणी खरोखर ६० अंशांवर राहिलं असं धरू, जे खरं तर जास्तच आहे, कारण पाणी हवेच्या मागून तापतं. १७६ दिवस म्हणजे ४,२२४ तास. रोजचे सहा तास धरले तर ७०० पेक्षा जास्त दिवस होतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं एकच पाणी त्याच गाडीत. तीन दिवसांत त्या पाण्यात अँटिमनीने भीती वाटावी असं काही घडत नाही. चव मात्र बिघडते, कारण तापलेल्या पेटमधून अॅसिटाल्डिहाइड नावाचं द्रव्य सुटतं आणि ते अगदी अल्प असलं तरी जिभेला प्लास्टिकसारखं जाणवतं. काळजी करायची तर ती दुकानदाराच्या पत्र्याच्या शेडखाली आणि उघड्या टेम्पोत महिनोन् महिने तापलेल्या खोक्यांची करावी. तिथे मुदत लांब असते, आणि ग्राहकाला ती दिसत नाही.

यावरूनच बाटली पुन्हा भरण्याचा प्रश्नही सुटतो. बाटली उघडली म्हणून प्लास्टिकमध्ये काही बदल होत नाही. आपण विकत घेतो त्याआधी तेच पाणी त्याच प्लास्टिकला काही आठवडे, कधी महिने चिकटून राहिलेलं असतं. पुन्हा भरताना जुनं पाणी ओतून दिलेलं असतं, म्हणजे त्यात उतरलेला अँटिमनीही गेला. नवं पाणी पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि दिवसभरात संपतं. रसायनांच्या बाबतीत रोज भरून रोज प्यायलेल्या जुन्या बाटलीतलं पाणी, सहा महिने गोदामात पडलेल्या सीलबंद बाटलीतल्या पाण्यापेक्षा वाईट असायला कारण नाही.

उन्हातल्या बाटलीबद्दल आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. लेबनॉनमधल्या बैरुत इथे अफ्तिम आक्रा यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिलं की पारदर्शक भांड्यातलं पाणी कडक उन्हात ठेवलं तर त्यातले रोगजंतू मरतात. पुढे स्वित्झर्लंडच्या एआवाग या जलसंशोधन संस्थेने त्याची पद्धत बसवली. स्वच्छ दिसणारं पाणी, जुनी पारदर्शक पेट बाटली, छपरावर सहा तास ऊन; आभाळ असेल तर दोन दिवस. ज्या वस्त्यांत शुद्ध पाणी पोचत नाही तिथे ही पद्धत वापरली जाते. अशा बाटल्यांमधून पाण्यात काय उतरतं हेही तपासलं गेलं, आणि ते नेहमीच्या बाटलीबंद पाण्याइतकंच निघालं. म्हणजे उन्हातली वापरलेली पेट बाटली जगातल्या अनेक घरांत अतिसारापासून मुलांना वाचवायला कामाला येते.

पण पेटची एक मर्यादा घरातही दिसते. अशा बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती डोळ्यांदेखत आक्रसते, वाकडी होते, तिचं बूड बाहेर येतं. पेट सुमारे ७० ते ७५ अंशांच्या पुढे मऊ पडतं. बाटली करताना ते ताणून फुगवलेलं असतं, आणि उष्णता मिळाली की आतला ताण सुटून ते मूळ आकाराकडे ओढलं जातं. या बाटलीत गरम पाणी, चहा, सूप भरायचं नाही. ती धुवायलाही कोमट पाणीच वापरायचं. कडक प्लास्टिकच्या बाटलीलाही उकळत्या पाण्याचा खेळ मानवत नाही. आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना २०२० साली असं आढळलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाळदुधाच्या बाटल्यांत ७० अंशांचं पाणी घालून हलवलं तर लिटरमागे लाखो, काही बाटल्यांत कोटीहून अधिक प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात. बाळाचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात मिसळून, कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावं, हा त्यावरचा सोपा उपाय.

सूक्ष्म कणांच्या बाबतीत पुन्हा वापर मात्र निर्दोष नाही. जर्मनीत पेटच्या काही जाड बाटल्या परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरतात. २०१८ साली तिथे झालेल्या मोजणीत अशा बाटल्यांतल्या पाण्यात लिटरमागे सरासरी ११८ सूक्ष्म कण निघाले, आणि एकदाच वापरायच्या पेट बाटल्यांत १४. इटलीत मिलानमधल्या संशोधकांनी झाकण पुन्हा पुन्हा उघडून-लावून पाहिलं, तेव्हा झाकणाच्या आणि तोंडाच्या पृष्ठभागावर घासून सुटलेले कण स्पष्ट दिसले. घासलं जाणारं, चुरगळलं जाणारं, ओरखडे पडलेलं प्लास्टिक कण सोडतं. हे कण शरीरात किती इजा करतात हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलं. पुरावा येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, पातळ बाटली ओरखड्यांनी धुरकट झाली, दाबल्यावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या की ती टाकून द्यावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ओरखड्यांत जीवाणूंचा थरही जास्त चिवटपणे बसतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच बरं.

बाटलीवर 'वापरानंतर चुरडून टाका' असं छापलेलं असतं, त्यावरून बरेच जण ती पुन्हा वापरणं विषारी असल्याचा अर्थ काढतात. त्या सूचनेमागे मुख्य कारण फसवणुकीचं आहे. स्टेशनवर, स्टँडवर रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत कुठल्याही नळाचं पाणी भरायचं, झाकण नवं बसवायचं आणि सीलबंद म्हणून विकायचं, हा धंदा चालू नये म्हणून बाटली निकामी करायची असते. ती सूचना पाळायलाच हवी, विशेषतः प्रवासात. घरी भरून वापरणार असाल तर शेवटी टाकताना तरी चुरडा.

आता रोजच्या बाटलीचं धुणं. पातळ पेट बाटलीची अडचण तिच्या तोंडाची आहे. तिथून घासणी आत जात नाही. लांब दांड्याचा ब्रश असेल तर तो वापरावा. नसेल तर थोडा भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ आत घालून मिनिटभर जोरात हलवलं तर तांदूळ भिंतीवरून घासत फिरतात आणि थर बराच निघतो. पण रोज हे करायचं कष्टाचं असल्याने, रोजच्या वापराला रुंद तोंडाची बाटली घेणं सगळ्यात सोपं. बुळबुळीतपणा राहिलाच, तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून बाटली त्यात काही मिनिटं भरून ठेवावी, मग चांगली विसळावी.

सगळ्यात दुर्लक्षित जागा झाकणात असते. शाळेच्या किंवा ऑफिसच्या बाटलीच्या झाकणातली सिलिकॉनची रिंग चमच्याच्या टोकाने उचलून काढून पाहा. खाली बऱ्याचदा काळपट बुरशीची रेघ सापडते, बाटली रोज धुतली जात असली तरी. स्ट्रॉ असलेल्या झाकणात स्ट्रॉच्या आत आणि चावायच्या टोकातही तेच. रिंग आठवड्यातून एकदा तरी काढून साबणाने घासून धुवावी, सुकवूनच परत बसवावी. बाटलीत सरबत, दूध किंवा इलेक्ट्रॉल घातलेलं पाणी नेलं असेल तर त्याच संध्याकाळी धुवावं. साखर मिळाली की जे थर आठवड्यात जमतात ते एका रात्रीत जमतात. धुतल्यावर बाटली झाकण लावून ठेवू नये. तोंड खाली करून, हवा जाईल अशी तिरकी ठेवून पूर्ण कोरडी करावी, कारण पाण्यातल्या जीवाणूंना सुकणं फारसं सोसवत नाही. घरात दोन बाटल्या असतील तर एक सुकत असताना दुसरी वापरता येते.